साफ प्रतीतले हूं

मला घाण कागद बघवत नाही, हा माझा जुना रोग. बीडच्या कोर्टासमोर टपरीत बसून मी एकोणीस वर्षं टायपिंग केलं. प्रतिज्ञापत्र, वाटणीपत्र, वारसाचा अर्ज, काय म्हणाल ते. एक अक्षर चुकलं तरी कागद ओढून काढायचे आणि समोरच्या वकिलाला म्हणायचे, थांबा साहेब, परत मारते. त्यांना तारखेची घाई असायची, मला कागदाची. पुढं टायपिंगचा धंदा बसला आणि मी एका संस्थेत मुलाखती साफ करायला लागले. पगार बेताचा, पण खुर्ची पंख्याखाली होती.

काम असं. संस्थेतली कार्यकर्ती गावोगाव जाऊन ऊसतोड बायकांशी बोलायची, मोबाईलवर रेकॉर्ड करायची. ते रेकॉर्डिंग मशीनला दिलं की मशीन त्याचा मजकूर करून द्यायचं. मजकूर म्हणजे नुसता राडा. ना पूर्णविराम, ना परिच्छेद, कुणी काय बोललं त्याचा पत्ता नाही. मशीन आपलं अंदाजानं वक्ता एक, वक्ता दोन लिहीत जायचं, आणि मधेच बाईचं उत्तर प्रश्न विचारणारीच्या नावावर टाकून मोकळं व्हायचं. मी आधी माणसं वेगळी करायची. मग अं, हं, हूं, म्हंजे, बगा, ते आपलं, असले शब्द काढायचे, कारण बोलताना ते कानाला लागत नाहीत पण कागदावर डोळ्यात खुपतात. शेवटी विषयवार मथळे घालायचे, म्हणजे वाचणाऱ्याला हवं ते पान सापडतं. डाळ निवडण्यासारखं काम. खडे काढायचे, डाळ टाकायची नाही.

आमच्या मॅडम, म्हणजे संस्थेच्या प्रमुख, पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "ताई, मूळ फाईलला हात लावायचा नाही. ती जशीच्या तशी ठेवायची. साफ प्रत वेगळी करायची. आणि कानाला हेडफोन लावून ऐकल्याशिवाय साफ करायचं नाही."

मी हो म्हणाले. पहिले दोन महिने ऐकलंसुद्धा. मग वाटलं, आपल्याला कळतं की. इतकी वर्षं लोकांचं बयान लिहून घेतलंय आपण, प्रश्न कुठला आणि उत्तर कुठलं हे वाचून कळत नाही होय? हा माज होता, दुसरं काही नाही.

ती मुलाखत आली तेव्हा पोळा होऊन गेला होता. आष्टीकडचं एक गाव. बाई पस्तिशीच्या आतबाहेर, दर साली टोळीबरोबर पश्चिमेकडं ऊस तोडायला जाणारी. गेल्या हंगामात तिची धाकटी जाऊ तिथं मेली होती. ट्रक भरताना डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढताना खाली पडली. त्याची चौकशी लागली होती आणि मॅडमना त्या चौकशीत ही मुलाखत द्यायची होती. डोळ्यांनी पाहिलेली आणि बोलायला तयार अशी ही एकटीच. टोळीतलं दुसरं कुणी तोंड उघडायला तयार नव्हतं.

मशीनला रेकॉर्डिंग देताना ते विचारतं, बोलणारी माणसं किती? मी दोन टाकलं. विचारणारी एक, सांगणारी एक. एवढं सोपं.

मजकूर आला. सुरुवातीची वीसेक मिनिटं बाई चांगली सांगत होती. जावेला तीन दिवस ताप होता. तिनं मुकादमाला म्हणून बघितलं की आज मला कोपीत, माझ्या झोपडीत पडू द्या. मुकादम म्हणाला, गाडी उभी हाय, भरल्याबिगर कोण निजतं? ती पडली त्यानंतरही गाडी भरून होईस्तोवर तिला दवाखान्यात नेलं नाही. हे सगळं अडखळत, मधे मधे शंभर म्हंजे आणि बगा घालून, पण सरळ. आणि मग पुढच्या पानांवर तीच बाई म्हणते, मुकादमाचा काही दोष न्हाई. तिला ताप नव्हताच. तिचा तिचाच पाय घसरला. आमच्या टोळीत असं कधी झालं न्हाई.

माझं डोकं फिरलं. एका दमात दोन तोंडं. कोर्टासमोर असली माणसं मी लई बघितली होती, सकाळी एक सांगतात, चहा पिऊन आले की दुसरं. त्या पानांवर ओळीआड ओळ हूं होते, नुसते हूं. हूं. हूं. मी संगणकातलं 'शोधून बदला' लावलं आणि एका फटक्यात सत्तावन्न हूं उडवले. पानं कशी चकचकीत झाली. वर मथळा घातला, बाईनं आधीचं म्हणणं बदललं. आणि फाईल पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. चिडल्या नव्हत्या, तेच वाईट.

"ताई, हे चौकशीत दिलं तर केस तिथंच संपली. साक्षीदारच स्वतःला खोडतीय. मी ही मुलाखत काढून टाकते."

कार्यकर्ती तिथंच उभी होती. तिशीतली, अंगानं बारकी, पण गावोगाव एकटी फिरणारी. ती म्हणाली, "अक्का, ती अशी बोलली नव्हती. तुम्ही ऐकलं का?"

मी म्हणाले, "ऐकलं की." खोटं बोलले. तोंड सांगत होतं आणि कान गरम झाले होते.

जागेवर आले आणि हेडफोन कानाला लावला. दुपारचे दोन वाजले असतील, ऑफिसातली बाकीची जेवायला गेलेली. बाईचा आवाज ऐकून मला बरं वाटलं. बकरं ओरडत होतं, बांगड्या वाजत होत्या, बोलता बोलता ती काहीतरी निवडत असावी. एकविसाव्या मिनिटाला मोटारसायकल आली, बंद झाली. मग चपला काढल्याचा आवाज. मग खोकला. साधा खोकला नव्हे. आपल्याकडं घरातला मोठा माणूस उंबऱ्यावर येऊन खोकतो ना, बायकांनी सावरून बसावं म्हणून, तो खोकला. बांगड्या थांबल्या. आणि त्याच्यानंतर त्या मुलाखतीत बाईचं एकही वाक्य नव्हतं.

बोलत होता तो. प्रश्न कार्यकर्ती बाईला विचारायची आणि उत्तर तो द्यायचा, शेजारीच बसून. आणि प्रत्येक वाक्यानंतर तो म्हणायचा, "काय, बरोबर हाय का न्हाई?" आणि बाई म्हणायची, हूं. मशीनला मी दोन माणसं सांगितली होती, त्यानं बिचाऱ्यानं तिसऱ्याला कुठं बसवायचं? बाईच्या नावावर बसवला.

पुढं ऐकताना कळलं की तो तिचा थोरला दीर. आणि टोळीचा मुकादमही तोच.

आता सांगते, मी ते रेकॉर्डिंग तिथंच का थांबवलं ते. आमच्यात थोरल्या दिरासमोर बाई बोलत नाही. डोक्यावरचा पदर पुढं ओढायचा, तोंड भिंतीकडं करायचं आणि हूं म्हणायचं. हो असलं तरी हूं, नाही असलं तरी हूं. मी स्वतः सासरी बारा वर्षं हेच केलं. जेवायला वाढू का? हूं. माहेरी जायचं नाही म्हणून ठरलं, कळलं का? हूं. तो हूं म्हणजे काय असतं ते त्या मशीनला कळायचं कारण नव्हतं, पण मला? माझ्याच तोंडातला शब्द मी कचरा म्हणून सत्तावन्न वेळा काढून टाकला. त्या दिवशी मी डबा उघडला नाही.

मूळ फाईल होती तशी होती, तेवढं नशीब. मी पहिल्यापासून सुरू केलं. मशीनला माणसं तीन सांगितली, तरी दोघं एकदम बोलतात तिथं त्यानं घोटाळे केलेच, ते मी मागं पुढं करून करून कानानं सोडवले. बाई. कार्यकर्ती. तिसरी व्यक्ती, पुरुष, एकविसाव्या मिनिटानंतर. जिथं कळलं नाही तिथं चौकोनी कंसात अस्पष्ट लिहून वेळ टाकली, अंदाज केला नाही. म्हंजे आणि बगा काढले, हूं एकही काढला नाही. नावं सगळी काढली. तीन दिवस लागले, पण मुलाखत अशी उभी राहिली की आंधळ्यालाही दिसावं, कुठपर्यंत बाई बोलली आणि कुठून पुढं तिला बोलू दिलं नाही.

मथळे घातले. टोळीतला दिवस. जावेचा ताप. मागितलेली आणि न मिळालेली सुट्टी. गाडी भरेपर्यंतचा वेळ. मुकादम आल्यावर बाई गप्प. मॅडमना आवडेल म्हणून पहिल्या पानावर सगळ्या मथळ्यांची यादी केली, पुढं पानांचे आकडे टाकले. मथळा कोरा असावा, आपलं मत त्यात नसावं, हे मला शिकवलेलं होतं. पण मला राग आला होता आणि तो राग त्या मथळ्यांत उतरला.

मॅडमनी वाचलं, परत पहिल्या पानावर आल्या. मग म्हणाल्या, "ताई, ही चौकशीत देऊ. ह्याच्यावर त्यांना उत्तर द्यावं लागेल." मी फुगले. खोटं कशाला बोलू? कार्यकर्तीला म्हणाले, "बघ, आता शेंबडं पोरही वाचेल ही मुलाखत. हवं ते पान चुटकीसरशी सापडतं."

ती हसली. म्हणाली, "अक्का, तुमच्या हाताला लई सफाई हाय."

संस्थेचा एक नेम होता. साफ प्रत बाहेर द्यायच्या आधी ज्या बाईची मुलाखत, तिला नेऊन वाचून दाखवायची. तिला मान्य असेल तर अंगठा किंवा सही घ्यायची आणि एक प्रत तिच्याजवळ ठेवायची. तिचं बोलणं, तिच्याजवळ नको का? नेम चांगलाच होता. माझा त्यावर आजही राग नाही. गुरुवारी कार्यकर्ती प्रत घेऊन सकाळच्या एसटीनं गेली.

मी दुसरी मुलाखत उघडून बसले होते. अकराच्या सुमाराला, कशावरून कुणास ठाऊक, माझ्या मनात आलं की त्या घरात वाचतं कोण? बाईला वाचता येत नव्हतं, ती रेकॉर्डिंगमध्येच म्हणाली होती. नवरा ऊस तोडणाराच, त्यालाही सही एवढीच येते. घरात कागद आला तर तो कुणाकडं जातो? आमच्या घरी कुणाकडं जायचा? मला बसवेना. मी फोन लावला. लागला नाही. गावाकडं रेंजच नव्हती. सगळी दुपार मी लावत होते. साडेतीनला लागला, मागं एसटीचा आवाज.

"दाखवलं का वाचून?" मी विचारलं.

"न्हाई ना अक्का. ती निंदायला गेलती, लांबच्या रानात. मी दीड वाजेपर्यंत थांबले. पुढची गाडी चुकली असती तर मुक्कामच पडला असता."

"मग प्रत?"

"घरी दिली. सासू होती. सही रविवारी जाऊन घेते म्हणलं."

"पाकिटात बंद करून दिली ना? तिच्याच हातात द्या म्हणून सांगितलं ना?"

ती म्हणाली, "तेवढ्यात तिचे दीर आले. त्यांनी सासूच्या हातातून काढून घेतली. म्हणले, मी देतो वाचून तिला."

मी काय बोलले आठवत नाही. फोन ठेवला आणि तशीच केबिनमध्ये गेले. मॅडमना सांगितलं. त्या खुर्चीतून उठल्या. लगेच गाडी काढली, कार्यकर्तीला वाटेत घेतलं, आम्ही तिघी गावात पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. घराला कडी नव्हती, पण दारात कुणी आलं नाही. शेवटी म्हातारी बाहेर आली आणि म्हणाली, सगळी रानात हायती. रानात अंधार पडायला आलेला. आतल्या खोलीत बांगड्या वाजत होत्या, मी ऐकल्या. आता त्या बांगड्या मी ओळखत होते. मॅडमनी हाक मारली. बांगड्या थांबल्या.

परत येताना मला एकच दिसत होतं, तो माणूस ओट्यावर बसून पहिलं पान बघतोय. मशीननं दिलेला राडा त्याच्या हातात पडला असता तर चार ओळी वाचून त्यानं चुलीला घातला असता. मी त्याला यादी करून दिली होती. मथळे, आणि पुढं पानाचा आकडा. हवं ते पान चुटकीसरशी.

रविवारी निरोप आला की बाईला बयान दुरुस्त करायचंय. कार्यकर्ती गेली. मॅडमनी तिला बजावून पाठवलं होतं की बाईला एकटीला गाठ, जमलं तर बाहेर बोलाव. तिनं म्हणून बघितलं. घरातली म्हणाली, आमच्या बाया अशा बाहेर बोलत न्हाईत.

अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग. सोमवारी माझ्या लॅपटॉपवर आलं. मशीनला दिलं. माणसं किती, विचारलं. मी कितीतरी वेळ त्या चौकोनाकडं बघत बसले आणि तीन टाकलं. मजकूर आला त्यात दोनच वक्ते. तिसऱ्याचा एक शब्द नाही.

इतकी साफ मुलाखत मला ना आधी मिळाली, ना नंतर. काढायला काही नव्हतंच. एक म्हंजे नाही, एक बगा नाही. पहिल्या वेळी दर वाक्याला अडखळणारी बाई आता पाठ केलेली कविता म्हणावी तशी म्हणत होती. आणि क्रमानं. टोळीतला दिवस चांगला असतो. जावेचा ताप असं काही नव्हतं. मागितलेली आणि न मिळालेली सुट्टी, असं काही झालं न्हाई. गाडी भरेपर्यंतचा वेळ, तेवढा वेळ लागलाच न्हाई. मुकादम आल्यावर बाई गप्प, हे खोटं हाय, मी गप्प नव्हते.

माझे मथळे. एकामागून एक, माझ्याच शब्दांत. न मिळालेली सुट्टी असं आमच्याकडं कुणी बोलतं का? ते मी बोलते, टायपिंगवाली. स्वतःबद्दल कुणी 'बाई गप्प' म्हणतं का? त्यानं यादी समोर धरली होती आणि तिच्याकडून एकेक ओळ खोडून घेतली होती.

दर मथळ्याच्या आधी मागं कुठंतरी खोकला. तोच. मी मोजले, पाच.

ते खोकले मी साफ प्रतीत घातले. चौकोनी कंसात, पुरुषाचा खोकला, आणि वेळ. पाचही जागी. मला वाटलं, निदान एवढं तरी कागदावर राहू दे. वाचणाऱ्याला कळेल, कळायलाच पाहिजे.

मॅडमनी वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. "हे काढा, ताई."

"का? आहे की रेकॉर्डिंगमध्ये. मी घातलं नाही मनानं."

"आहे. पण ही प्रतसुद्धा त्याच घरात जाणार. तो पुन्हा वाचणार. दसऱ्यानंतर टोळी जाईल, ती त्याच्याच टोळीत जाईल, सहा महिने त्याच्याच कोपीशेजारी. तिथं तिच्याजवळ आपल्यातलं कोण असणार आहे?"

पहिली प्रत आता बाद होती, कारण बाईचंच म्हणणं होतं की ती खोटी. तिचा शेवटचा शब्द तो खरा, हा आमचाच नेम. चौकशीला जायची ती ही अकरा मिनिटं. धाकट्या जावेचा पाय घसरला, तिला ताप नव्हता, आणि सगळं लवकर झालं.

मी जागेवर आले. खोकले काढले. एक, दोन, तीन, चार, पाच. शोधून बदला लावलं नाही, हातानं काढले. कोर्टासमोर एवढे खोटे कागद टाईप केले मी, पण ते लोकांचे होते. हा माझा होता. आणि इतका स्वच्छ कागद मी जन्मात केला नव्हता.

अगदी शेवटी कार्यकर्तीनं नेमाप्रमाणं विचारलं होतं, "तुम्हाला अजून काही सांगायचंय का?" मग बराच वेळ काहीच नाही, नुसतं बकरं ओरडतंय. आणि मग बाई म्हणाली, हूं. अख्ख्या अकरा मिनिटांत तेवढा एकच, न पढवलेला. पुढं रेकॉर्डिंग बंद झालं होतं.

तो मी काढला नाही. प्रश्नाखाली उत्तराच्या जागी ठेवला, एकट्या ओळीत.

टोळी दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी गेली. ती गेली त्यांच्यात. कार्यकर्तीला गावातल्या कुणीतरी सांगितलं की ट्रकवर चढताना तिनं मागं वळून बघितलंसुद्धा नाही. तिचा फोन लागत नाही. हंगाम संपायला वेळ आहे आणि रोज सकाळी कचेरीत पाय टाकला की मी आधी टेबलावरचा फोन बघते, आज काही निरोप आला तर.

टोळी जायच्या आधी, प्रत पाठवायच्या दिवशी, मॅडमनी शेवटचं पान उघडून माझ्याकडं फिरवलं. "ताई, हा एक हूं राहिलाय. हे उत्तर आहे की काढायचं राहिलं?"

मला सांगायचं होतं. बारा वर्षांचं सगळं सांगायचं होतं. दारात त्याच घरचा थोरला, तो मुकादम, बाईची सही असलेला कागद घेऊन आला होता, बाकावर बसला होता. त्यानं घसा साफ केला.

"हूं," मी म्हणाले.